जुने घर, नवी खोली आणि मधली फट : साताऱ्यातील एका वाढीव बांधकामाचे प्रकरण

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, गोडोलीच्या बाजूला, एका निवृत्त शिक्षकांचे १९८६ साली बांधलेले एकमजली घर आहे. भिंती नऊ इंची विटांच्या आहेत, पाया काळ्या दगडाचा आहे आणि वर साडेचार इंचांचा आरसीसी स्लॅब आहे. बांधणाऱ्याने जोत्याला, लिंटेलला आणि स्लॅबखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे दिले होते. १९६७ च्या डिसेंबरमधला कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला होता, त्या पिढीतले अनेक गवंडी हे पट्टे कोणी न सांगताही घालत असत, आणि पुढे याच जोत्याच्या पट्ट्याने आमचे काम पुष्कळ सोपे केले. गुरुजींना मागच्या बाजूला एक मोठी खोली वाढवायची होती, आणि जुन्या बैठकीच्या खोलीतून तिच्यात सहा फुटांच्या मोकळ्या कमानीतून, उंबरठा न ओलांडता जाता यावे अशी त्यांची इच्छा होती. घरात चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असल्यामुळे ही इच्छा म्हणजे हौस नव्हती. दोन्ही फरशा एका पातळीत असणे आणि पुढेही एका पातळीत राहणे ही या कामाची पहिली अट होती.

माझ्याकडे काम आले तेव्हा ठेकेदाराचा आराखडा तयार होता. जुन्या भिंतीला लागून नवे कॉलम घ्यायचे नाहीत, जुन्या जोत्याच्या पट्ट्यात आणि छताच्या पट्ट्यात दर फुटाला भोक पाडून केमिकलने बारा मिलिमीटरच्या सळ्या बसवायच्या, आणि नव्या खोलीचे फरशीचा व छताचा असे दोन्ही स्लॅब त्या सळ्यांवर टेकवून जुन्याशी एकजीव करायचे, असे त्यात होते. एक कॉलमरांग वाचत होती, खोलीही मोकळी मिळत होती. गुरुजींना तो पटलाही होता, कारण ‘एकजीव’ हा शब्द ऐकायला भक्कम वाटतो.

आधीच्या जोडणीने काय सांगितले

नवी खोली जिथे व्हायची होती तिथे साधारण पंधरा वर्षांपूर्वी बांधलेले एक छोटे स्वयंपाकघर उभे होते. त्याच्या भिंती जुन्या भिंतीतून दाते काढून, म्हणजे एकाआड एक थरातली वीट फोडून नव्या विटा आत गुंतवून, जोडलेल्या होत्या. त्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत तडा होता. गुरुजींनी तो तीन वेळा पुट्टीने भरला होता आणि तिन्ही वेळा तो पुन्हा उघडला होता.

अशा तड्याकडे पाहताना तो आहे की नाही एवढ्यावर थांबून चालत नाही. तो कुठे किती रुंद आहे आणि त्याच्या दोन कडा एका पातळीत आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. इथे तडा जोत्याजवळ केसाएवढा होता आणि छताजवळ त्यात एक रुपयाचे नाणे उभे शिरत होते. खिडकीखालची गिलाव्यातली आडवी रेघ तड्याच्या अलीकडे-पलीकडे मात्र एकाच पातळीत होती. वर रुंद आणि खाली अरुंद अशा तड्याचा अर्थ असा, की वाढवलेला भाग सरळ खाली बसलेला नाही, तर त्याचे दूरचे टोक खाली गेल्यामुळे तो बाहेरच्या बाजूला कलला आहे. तडा सगळीकडे सारखा रुंद असता तर मी आकुंचनाचा किंवा उन्हापावसाचा संशय घेतला असता, आणि रेघ तुटून खाली-वर झाली असती तर पूर्ण भागच बसल्याचे मानले असते.

दूरचे टोक का बसले, हे दोन खड्डे खणल्यावर कळले. घर उतारावर असल्यामुळे जुन्या भिंतीलगत कठीण मुरूम जमिनीखाली चार फुटांवर लागला, पण तिथून पंधरा फुटांवर, कुंपणाच्या बाजूला, सात फुटांपर्यंत नुसता भराव होता. १९८६ साली अंगण सपाट करताना टाकलेल्या मुरुमात विटांचे तुकडे आणि कोळसाही सापडला. स्वयंपाकघराचा पाया सगळीकडे सारखाच तीन फूट खोल घेतलेला होता, म्हणजे त्याचे एक टोक जवळपास पक्क्या जमिनीवर होते आणि दुसरे भरावावर तरंगत होते. दाते काढून केलेली जोडणी हा कल अडवू शकली नाही, आणि अडवू शकलीही नसती. ती नसती तर निदान सांधा सरळ रेषेत उघडला असता. ती असल्यामुळे जुन्या भिंतीच्याही दोन विटा फुटल्या.

सळ्यांवर स्लॅब टेकवण्यास नकार का दिला

ठेकेदाराच्या आराखड्यातली अडचण सळ्यांच्या ताकदीची नव्हती. सव्वाशे मिलिमीटरचा स्लॅब, फरशी आणि वापराचा भार धरला तर चौरस मीटरला साधारण सहाशे किलो होतात. जुन्या भिंतीपासून दूरच्या कॉलमांपर्यंतचा गाळा ४.६ मीटरचा होता, आणि त्याचा अर्धा भार जुन्या भिंतीवर आला असता. म्हणजे एका स्लॅबमागे दर मीटरला सुमारे चौदाशे किलो आणि दोन स्लॅबांमागे पावणेतीन टनांच्या आसपास. त्या भिंतीचे स्वतःचे वजन आणि तिच्यावरचा जुन्या स्लॅबचा वाटा मिळून जोत्यावर दर मीटरला अडीच टनांच्या जवळपास भार होता. तो जवळजवळ दुप्पट झाला असता. जो दगडी पाया चाळीस वर्षे एका भाराखाली स्थिर बसलेला आहे, त्याच्यावर एका उन्हाळ्यात तेवढाच दुसरा भार टाकला तर तो पुन्हा थोडा बसणार, आणि त्याचे तडे नव्या खोलीत नव्हे तर जुन्या घरात दिसणार.

दुसरे कारण केमिकल अँकरच्या स्वभावातले आहे. काँक्रीटमधल्या भोकात राळ भरून बसवलेली सळी थोड्या वेळासाठी मोठा ताण सहज घेते, पण सतत, वर्षानुवर्षे ओढीखाली राहिली तर काही राळा हळूहळू सरकतात. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या एका बोगद्यात २००६ साली छताचे काँक्रीटचे पॅनेल खाली पडून मोटारीतील एका महिलेचा मृत्यू झाला. ते पॅनेल इपॉक्सीने बसवलेल्या अँकरांना टांगलेले होते, आणि चौकशीत राळेचे हे सावकाश सरकणेच कारण ठरले. पट्ट्यातून आडव्या निघालेल्या सळ्यांवर प्रामुख्याने कातर, म्हणजे सळी आडवी कापू पाहणारा जोर, येते हे खरे. पण स्लॅब त्या सळ्यांशी एकजीव ओतला, की तो वाकताना आणि आकसताना त्यांना कायम बाहेर ओढत राहतो. घराचा स्लॅब हा सतत असणारा भार आहे. त्याला कॉलमाचा आधार द्यावा, राळेचा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुरुजींना मी एवढेच सांगितले की नवी खोली उद्या जुन्या घरापासून सोडवली तरी स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे. त्यांनी लगेच विचारले, “मग फरशी एका पातळीत कशी राहणार?” प्रश्न अगदी बरोबर होता, आणि डोवेल सळ्यांचे काम तिथूनच सुरू होते.

कोणती हालचाल अडवायची आणि कोणती सोडायची

जोड घट्ट की सैल, असा एकच प्रश्न विचारला की चूक होते. प्रत्येक दिशेचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. नवी खोली जुन्या भिंतीपासून दूर किंवा जवळ सरकेल, कारण नवे काँक्रीट वाळताना आकसते आणि दोन्ही इमारती उन्हाने फुगतात, थंडीने आकसतात. ही हालचाल मोकळी सोडायची. भूकंपात दोन्ही भाग वेगवेगळ्या चालीने डोलतील. त्यासाठी छताकडे पुरेशी मोकळीक ठेवायची. चालताना मात्र उंबऱ्याच्या दोन कडा एकमेकींच्या खाली-वर होता कामा नयेत; ही एकच हालचाल, तीही फक्त कमानीच्या रुंदीत आणि फक्त फरशीच्या पातळीवर, अडवायची होती. डोवेल नेमके हेच करतो. गुळगुळीत सळीचे एक टोक एका बाजूच्या काँक्रीटमध्ये पक्के असते आणि दुसरे टोक दुसऱ्या बाजूच्या नळीत सरकते. फट उघडते-मिटते, पण कड खाली जाऊ शकत नाही.

याला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती ध्यानात न घेता हे चित्र दुसऱ्या जागी उतरवले तर नुकसान होईल. डोवेल उभी हालचाल अडवतो म्हणजे दोन्ही भाग मुळात जवळजवळ सारखे स्थिर असावे लागतात. नवा भाग दहा मिलिमीटर बसणार असेल तर तो या सळ्यांना लटकेल आणि पट्ट्याची कड फुटेल. हेच घर सांगलीत कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर असते, जिथे उथळ पायाचे जुने घर दर पावसाळ्यात उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात खाली येते, तर मी डोवेल घातलेच नसते. तिथे उंबऱ्यात तीन-चार फुटांची स्वतंत्र तुळई-फळी दोन्ही बाजूंच्या खाचांवर सैल टेकवली असती, म्हणजे पातळीतला फरक पायरी न होता हलका उतार होऊन पसरला असता. साताऱ्यात खाली मुरूम होता, म्हणून डोवेलचा विचार करता आला.

मुरुमावरही नवा पाया भार येताच थोडा दबतोच, पण हे दबणे बहुतांशी बांधकाम चालू असतानाच उरकते. म्हणून कमानीसमोरची दोन फूट रुंदीची फरशी-स्लॅबची पट्टी आम्ही शेवटपर्यंत ओतली नाही. नव्या स्लॅबच्या सळ्या तिच्यात बाहेर काढून ठेवल्या. भिंती झाल्या, छताचा स्लॅब पडला, त्याच्या टेकणी निघाल्या, आणि त्यानंतर ही पट्टी डोवेलसह भरली. डोवेल आधी भरले असते तर पायाचे सुरुवातीचे सगळे दबणे त्यांनी अंगावर घेतले असते.

पाया आणि फट

नव्या कॉलमांची पहिली रांग जुन्या भिंतीपासून एक मीटर मागे घेतली, म्हणजे जुन्या पायाचा भिंतीबाहेर आलेला दगडी ठोकळा आणि नवे फूटिंग, म्हणजे कॉलमाखालचा रुंद काँक्रीटचा पाया, एकमेकांत अडकले नाहीत. या रांगेची फूटिंगे जुन्या पायाच्याच पातळीला, चार फुटांवर ठेवली. त्याहून खाली गेलो असतो तर जुन्या पायाखालची माती सुटण्याचा धोका होता. कुंपणाकडची फूटिंगे मात्र भराव पूर्ण पार करून साडेसात फुटांवर कठीण मुरुमात नेली. एक मीटरचा उरलेला भाग जोत्याच्या बीमने आणि स्लॅबने पुढे झुकवून जुन्या भिंतीपर्यंत आणला. खोलीच्या दोन बाजूंच्या भिंतींची जुन्या घराकडची टोके या झुकत्या बीमवर आली, आणि ती मोकळी टोके कॉलममधून निघालेल्या आडव्या काँक्रीट पट्ट्यांनी धरली.

फटीचा आकार दोन पातळ्यांना वेगळा ठेवला. उन्हाळा-हिवाळ्यात छताच्या काँक्रीटच्या तापमानात तीस अंशांचा फरक धरला, तर दोन्ही इमारती मिळून सांध्यावर दोन-सव्वादोन मिलिमीटर हलतात आणि नव्या स्लॅबच्या आकुंचनाने आणखी एखादा मिलिमीटर फट उघडते. एवढ्यासाठी दहा मिलिमीटरही पुरले असते. पण भूकंपाचा विचार केला की चित्र बदलते. जुने घर भिंतींच्या पेटीसारखे ताठ आहे, नवे कॉलम-बीमचे लवचिक आहे, आणि दोन्ही छते एकाच उंचीवर आहेत. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४३२६ अशा विभाजनासाठी किमान २५ मिलिमीटर फट सांगते; जुनी भिंत ओळंब्यात सात-आठ मिलिमीटर बाहेर झुकलेली आढळली म्हणून जोत्याच्या वर, भिंती आणि छताला, आम्ही ४० ठेवली. फरशीच्या पातळीला मात्र दोन्ही भाग जमिनीबरोबरच हलतात. शिवाय फट जितकी रुंद तितकी मधली सळी जास्त वाकते, म्हणून तिथे २० मिलिमीटर पुरेशी मानली.

कमान फोडण्याचे काम यापूर्वीच झाले होते. त्याविषयी एवढेच सांगतो की कमानीवरचे नवे लिंटेल दोन्ही टोकांना जुन्या भिंतीवरच टेकवले. एक टोक जुन्या भिंतीवर आणि दुसरे नव्या कॉलमवर ठेवले असते तर ४० मिलिमीटरची फट ठेवून काहीच साधले नसते.

सळ्या बसवण्याचा दिवस

कमान १.८ मीटर रुंद. कडांपासून दीडशे मिलिमीटर सोडून तीनशे-तीनशेवर सहा डोवेल आले. सळई १६ मिलिमीटरची, गुळगुळीत, स्टेनलेस स्टीलची घेतली, कारण फटीतला भाग पुढे कधी पाहता येत नाही. कंगोरेदार टीएमटी सळई इथे चालत नाही; तिच्या कंगोऱ्यांनी ती नळीत अडकते. पण गुळगुळीत सळई राळेतही नीट धरत नाही, म्हणून जुन्या पट्ट्यात जाणाऱ्या दीडशे मिलिमीटरवर लेथवर आटे पाडून घेतले. उरलेला भाग २० मिलिमीटर फटीत आणि २०० मिलिमीटर नव्या स्लॅबमध्ये, अशी ३७० मिलिमीटरची एक सळई झाली.

जुना पट्टा नऊ इंच रुंद आणि सहा इंच उंच होता. त्याच्या काँक्रीटवर हातोडीची चाचणी घेतली, आणि एका ठिकाणी टवका काढून त्यावर फिनॉल्फथॅलीन हे, काँक्रीटमधली अल्कता टिकून असेल तिथे गुलाबी होणारे, रसायन शिंपडले. वरचा पाऊण इंच रंगहीन राहिला आणि आतला भाग गुलाबी झाला, म्हणजे आतल्या सळ्यांभोवतीचे काँक्रीट अजून निरोगी होते. तरीही ते त्या काळचे सिमेंट, वाळू आणि खडीच्या एक-दोन-चार प्रमाणातले काँक्रीट होते, आणि राळेच्या डब्यावरचे आकडे त्याहून चांगल्या काँक्रीटसाठी दिलेले असतात. म्हणून पुढे भिंतीआड जाणाऱ्या एका जागी आधी एक चाचणीची सळई बसवून ती एक टनापर्यंत ओढून पाहायची, असे ठरवले. डोवेलवर ओढ येणार नाही, हे मान्य आहे. पण ओढीची चाचणी भोक किती स्वच्छ होते ते सांगते, आणि ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

चाचणीची पहिली सळई चारशे किलोलाच सावकाश बाहेर आली. मिस्त्री म्हणाला, “सायेब, केमिकल जुनं असंल.” डब्यावरची मुदत तपासली, ती संपायला सात महिने होते. मग सळई हातात घेऊन उन्हात धरली. आट्यांमध्ये राळ घट्ट भरलेली होती, सळईपासून ती कुठेही सुटलेली नव्हती; पण राळेचा बाहेरचा पृष्ठभाग पिठात घोळवल्यासारखा पांढुरका होता आणि बोट फिरवले की बोटाला भुकटी लागत होती. राळ काँक्रीटला चिकटलीच नव्हती, ती भोकातल्या धुळीला चिकटली होती. मिस्त्रीने भोकात तोंडाने फुंकून नळी घातली होती. धूळ पुढे उडालेली दिसते आणि भोक स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण हॅमर ड्रिलने कुटलेली बारीक भुकटी भिंतीला लेपासारखी बसलेली असते. ती फक्त वाऱ्याने निघत नाही, तिला तारेच्या गोल ब्रशने खरवडावे लागते.

दुसऱ्या भोकाला आम्ही तळापासून पंपाने चार वेळा वारा दिला, भोकापेक्षा किंचित मोठा तारेचा ब्रश पिळत चार वेळा आत-बाहेर केला, आणि पुन्हा चार वेळा वारा दिला. ब्रश शेवटी बाहेर आला तेव्हा त्याला धूळ नव्हती. ही सळई एक टनाला पाच मिनिटे धरून ठेवली, आणि डायलचा काटा हलला नाही. मिस्त्रीने त्यानंतर सहाही भोके स्वतःहून तशीच केली, आणि प्रत्येक वेळी ब्रश पांढऱ्या कागदावर झटकून मला दाखवला.

भोके २० मिलिमीटर व्यासाची होती. कव्हर मीटरने जुन्या सळ्या आधी शोधून खडूने आखल्या होत्या. तरीही एका ठिकाणी ड्रिलचा आवाज बदलला आणि टोकाला चमक दिसली. ते भोक सोडून चार सेंटीमीटर बाजूला दुसरे घेतले आणि सोडलेले भोक न आकसणाऱ्या ग्राऊटने भरले. जुन्या पट्ट्याची एकही सळई कापायची नाही, हे आधीच ठरले होते. राळ किती लागते याचा हिशोब सोपा आहे. वीसच्या भोकातून सोळाची सळी वजा केली की कडेने दोन मिलिमीटरची पोकळी उरते, दीडशे खोलीला ती सुमारे सतरा मिलिलिटर होते आणि सहा भोकांना शंभरच्या जवळपास. एक डबा पुरतो. पण त्याच्या तोंडाशी आलेली पहिली राळ नेहमी फेकून द्यावी. दोन्ही भाग मिसळून रंग एकसारखा येईपर्यंतची राळ कधीच घट्ट होत नाही, आणि एकदा भोकात गेली की बाहेरून पाहून ती ओळखूही येत नाही. नळी भोकाच्या तळाला लावून, मागे घेत दोन-तृतीयांश भोक भरले आणि सळई पिळत आत नेली. तोंडाशी राळेची कड उमटली तरच भोक पूर्ण भरले असे मानले. काम एप्रिलमधले असल्यामुळे सकाळी आठच्या आत उरकले. दुपारी पट्टा तापला की राळ सळई तळाला जाण्याआधीच आवळू लागते.

सगळ्यात जास्त वेळ सळ्या समांतर ठेवण्यात गेला. सहा सळ्यांपैकी एक जरी तिरकी असली तरी फट उघडताना ती पाचर होऊन बसते आणि मग सहाही सळ्या निकामी होतात. तडा जातो तो फटीत नव्हे, तर नव्या स्लॅबमध्ये, फटीपासून फूटभर अंतरावर. म्हणून प्लायवूडच्या पट्टीवर सहा भोके पाडून तिचा साचा केला आणि राळ घट्ट होईपर्यंत सगळ्या सळ्या त्यातून ओवून ठेवल्या. नंतर प्रत्येकीवर विजेच्या कामाचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्युट चढवला. त्यात सोळाची सळी जेमतेम सरकते, आणि तेच हवे असते; नळी ढिली असली तर कड तेवढी खाली जाईपर्यंत सळी काहीच करत नाही. नळीच्या आतल्या टोकाला टोपण लावले आणि सळईच्या टोकापुढे पाव इंच थर्माकोल ठेवला, नाहीतर फट मिटताना सळईचे टोक काँक्रीटला टेकते. पट्टी ओतण्यापूर्वी प्रत्येक नळी हाताने फिरवून पाहिली.

फट मोकळी राहिली का

भिंत चढत असताना फटीत चुना-सिमेंटचा माल पडतो, आणि एक मुठीएवढा गोळा दोन भिंतींमध्ये अडकला तरी तिथे जोड तयार होतो. हे टाळण्यासाठी ४० मिलिमीटरच्या मऊ फोमच्या पट्ट्या भिंतीबरोबर वर चढवल्या आणि भिंत पूर्ण झाल्यावर ओढून काढल्या. त्यानंतर छतावरून सहा मिलिमीटरची सरळ सळी फटीत जोत्यापर्यंत सोडली, आणि दर फुटावर ती आडकाठीशिवाय खाली जाते का ते पाहिले. उत्तरेच्या बाजूला ती लिंटेलच्या उंचीवर अडली. बॅटरी लावून पाहिले तर विटेचा एक तुकडा फटीत बसला होता. तो लांब छिन्नीने पाडायला अर्धा दिवस गेला, पण त्या दिवसाची भरपाई नंतर कशानेही झाली नसती.

बाहेरच्या बाजूला फटीत फोमची गोल दोरी बसवून वर सीलंट भरले. त्याची खोली रुंदीच्या निम्मी ठेवली, आणि तो फक्त दोन बाजूंना चिकटेल, मागच्या दोरीला चिकटणार नाही, अशी काळजी घेतली. तीन बाजूंना चिकटलेला सीलंट ताणता येत नाही आणि पहिल्या हिवाळ्यातच फाटतो. छतावर मी सीलंटवर भरवसा ठेवला नाही. सह्याद्रीच्या कडेचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. फटीच्या दोन्ही बाजूंना सहा इंचांचे काँक्रीटचे कठडे उभे केले, आणि त्यांवर पत्र्याची टोपी घातली, जी नव्या कठड्याला स्क्रूने पक्की आहे आणि जुन्या कठड्यावर नुसती झुकून आहे. आतल्या भिंतीवरची ॲल्युमिनियमची पट्टीही अशीच एका बाजूला पक्की आहे. दोन्ही बाजूंना स्क्रू मारलेली पट्टी मी एका दुसऱ्या घरात चुरगाळलेली पाहिली आहे.

सगळे झाल्यावर एक चूक राहिलीच. फरशी बसवणाऱ्या कारागिराने कमानीत टाइल्स सलग लावल्या. त्याला फट म्हणजे भरायची राहिलेली जागा वाटली. दीड महिन्याने दोन टाइल्सवरून फटीच्या बरोबर वर सरळ रेषेत तडा गेला, दोरी धरून मारल्यासारखा. त्या टाइल्स काढल्या, फटीच्या दोन्ही कडांना टाइल्सची कड आणली, आणि मध्ये रबराची चीप असलेली ॲल्युमिनियमची सपाट पट्टी बसवली. चाकाची खुर्ची तिच्यावरून आवाज न करता जाते.

उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही पितळेच्या दोन बारीक खिळ्या राळेत बसवून ठेवल्या आहेत, आणि गुरुजी त्यांमधले अंतर व्हर्निअरने मोजून वहीत लिहितात. पट्टी ओतल्यापासून पहिल्या जानेवारीपर्यंत अंतर सव्वा मिलिमीटरने वाढले. त्यात नव्या काँक्रीटच्या आकुंचनाचा आणि थंडीचा, दोन्हींचा वाटा आहे. मे महिन्यात ते सुमारे पाऊण मिलिमीटरने कमी झाले. पट्टीवर आडव्या ठेवलेल्या लेव्हलचा बुडबुडा मात्र अजून एकदाही हललेला नाही. जुन्या भिंतीतल्या त्या दोन फुटलेल्या विटा आम्ही बदलल्या, पण त्यांच्यावर गिलावा न करता त्या उघड्याच ठेवल्या आहेत. तिथे पुन्हा काही उमटले, तर ते सर्वांत आधी त्याच जागी दिसेल.